प्लाक गेले, तरी विसरणं थांबत नाही: अमायलॉइड, टाऊ आणि औषधांचा हिशोब

दवबिंदू
अल्झायमरवरच्या औषधांबद्दल वाचताना एका जागी कायम अडखळते, म्हणून हा धागा.

अमायलॉइड बीटा नावाचं प्रथिन मेंदूत साचतं, त्याचे प्लाक बनतात आणि त्यातून आजार होतो, असं सांगतात. मग प्लाक काढून टाकणाऱ्या औषधाने माणूस बरा व्हायला हवा, निदान होता तिथे थांबायला हवा. प्रत्यक्षात १०-१५ वर्षांत कितीतरी औषधं साफ पडली. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब 'यशस्वी' ठरली, पण यश म्हणजे काय, तर घसरण २७ टक्के की ३५ टक्के मंदावली. थांबली नाही. शिवाय टाऊ नावाचं दुसरं प्रथिन आहे आणि काही जण खरा गुन्हेगार तोच म्हणतात.

मूळ कारण अमायलॉइड असेल तर ते काढून फरक एवढासा का? आणि नसेल तर फरक पडला तरी कसा? जाणकारांनी सविस्तर लिहावं. डॉक्टरांच्या भाषेत लिहिलंत तरी चालेल, विचारत राहीन.

चिंचोका
सविस्तर लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. २००६ साली नेचरमध्ये आलेला शोधनिबंध खोट्या चित्रांवर उभा होता, २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. त्याच निबंधावर अख्खी अमायलॉइडची थिअरी उभी होती. पाया खोटा, मग औषधं चालणार कशी? अब्जावधी डॉलर आणि पंधरा-सोळा वर्षं पाण्यात गेली.

कातळशिल्प
चिंचोका, निबंध मागे घेतला गेला हे खरं. पण थिअरी त्यावर उभी होती हे खरं नाही, आणि हा गैरसमज फार पसरलाय म्हणून आधी तोच घेतो.

त्या निबंधात अमायलॉइडच्या एका ठरावीक विरघळणाऱ्या रूपाबद्दल दावा होता. हे रूप उंदरांची स्मृती बिघडवतं, असा. थिअरी त्याच्या चौदा वर्षं आधी, १९९२ मध्ये हार्डी आणि हिगिन्स यांनी मांडली होती आणि तिचा आधार होता जनुकांचा. अमायलॉइड ज्या मोठ्या प्रथिनातून कापलं जातं त्या एपीपीचं जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे. डाउन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात आणि त्या लोकांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत प्लाक भरलेले सापडतात. १९९१ मध्ये याच जनुकातला बदल असलेली कुटुंबं सापडली, त्यांच्यात आजार कमी वयात येतो. १९९५ मध्ये प्रेसेनिलिन सापडलं. ते एपीपी कापणाऱ्या कात्रीचाच भाग आहे, आणि त्यातल्या बदलामुळेही लवकर अल्झायमर होतो.

उलट्या बाजूचा पुरावा मला सगळ्यात पटणारा वाटतो. २०१२ मध्ये आइसलँडच्या लोकांत एपीपीमधलाच एक बदल सापडला. त्यामुळे अमायलॉइड सुमारे ४० टक्के कमी तयार होतं, आणि ज्यांच्यात तो आहे त्यांना अल्झायमर क्वचितच होतो. एकाच जनुकात एका दिशेने बदल झाला तर आजार, दुसऱ्या दिशेने झाला तर संरक्षण. खोट्या चित्रांशी याचा काही संबंध नाही. आणि आज वापरात असलेली अँटिबॉडीही त्या निबंधातल्या रूपावर बेतलेली नाही.

सुरुवात अमायलॉइडने होते, इतपत मी ठामपणे म्हणेन. पुढचं नुकसानही तेच करतं का, हा वेगळा प्रश्न आहे. दवबिंदूंचा घोळ नेमका त्या दोन प्रश्नांच्या मधे आहे.

पाणवठा
अमायलॉइडचा धागा दिसला म्हणून विचारतो. आमच्या काकांच्या किडनीच्या बायॉप्सीत अमायलॉइड निघालंय. लघवीतून प्रथिनं जातात, पायांवर सूज आहे. म्हणजे त्यांना पुढे अल्झायमर होणार का? आणि वर दिलेली औषधं किडनीला चालतील का?

मुक्तछंद
पाणवठा, नाव एक असलं तरी आजार वेगळा आहे. चुकीची घडी पडून दोऱ्यासारखं साचणाऱ्या कुठल्याही प्रथिनाला अमायलॉइड म्हणतात, काँगो रेड नावाच्या रंगाने ते काचपट्टीवर ओळखतात. काकांच्या किडनीत बहुधा अँटिबॉडीचे हलके तुकडे साचले असतील, ते अस्थिमज्जेतल्या पेशींकडून येतात. इतर प्रकारही असतात. रिपोर्टमध्ये कुठल्या प्रकारचं अमायलॉइड ते लिहिलंय का बघा. नसेल तर ते तपासून घ्यायला सांगा, कारण उपचार त्यावरच ठरतो आणि रक्तविकारतज्ज्ञ लवकर गाठावा लागतो. अल्झायमरशी त्याचा संबंध नाही आणि इथल्या औषधांचा किडनीला उपयोग नाही.

पाणवठा
आभार. रिपोर्टवर प्रकार लिहिलेला नाही. उद्याच विचारतो.

मुक्तछंद
आता टाऊच्या बाजूने मी लिहिते, कारण या गोष्टीत त्याला नेहमी दुय्यम जागा मिळते.

आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ऑगुस्ट डेटर यांच्या मेंदूबद्दल सांगितलं तेव्हाच दोन्ही गोष्टी दिसल्या होत्या: पेशींच्या बाहेर प्लाक आणि पेशींच्या आत गुंते. हे गुंते टाऊचे. निरोगी पेशीत टाऊ लांब तंतूंच्या आतल्या वाहतुकीच्या रुळांना धरून ठेवतं. त्याला फॉस्फेटचे गट जास्त चिकटले की ते रुळांवरून सुटतं, एकमेकांत अडकतं आणि पेशीत दोऱ्यांचा गुंडा होतो. पेशी मेली तरी गुंडा तिथेच पडून राहतो, आणि काचपट्टीवर जिथे पेशी होती तिथे नुसता तिच्या आकाराचा गुंता दिसतो.

आता हे दोन्ही मेंदूत कुठे कुठे असतात ते बघा. प्लाक सुरुवातीला मेंदूच्या बाहेरच्या थरात सगळीकडे विखुरलेले असतात. कपाळामागे भरपूर असतात, पण तिथलं काम बराच काळ ठीक चालतं. गुंते सुरू होतात कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आतल्या बाजूला, स्मृतीच्या दारावरच्या एंटोऱ्हायनल भागात. मग हिप्पोकॅम्पस, मग बाजूचे भाग, शेवटी सगळीकडे. ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये या पायऱ्या मांडल्या. रुग्णाला आधी कालचं बोलणं आठवत नाही, मग शब्द सापडत नाहीत, मग ओळखीच्या रस्त्यावर तो चुकतो. हा क्रम टाऊच्या वाटेशी जुळतो, प्लाकच्या नकाशाशी नाही. प्लाकने भरलेला मेंदू घेऊन ऐंशीव्या वर्षी हिशोब ठेवणारी माणसं आहेत. बाहेरचा थर गुंत्यांनी भरलाय आणि माणूस ठणठणीत आहे, असं सहसा सापडत नाही.

दवबिंदू
मग टाऊच मूळ कारण, असं का नाही म्हणायचं?

मुक्तछंद
कारण १९९८ मध्ये टाऊच्या जनुकातले बदल सापडले, आणि त्या कुटुंबांत गुंते होतात, स्मृतिभ्रंशही होतो, पण तो अल्झायमर नसतो. वागणं बदलणारा, कपाळामागच्या भागाचा वेगळा आजार असतो आणि प्लाक जवळजवळ नसतात. म्हणजे टाऊ एकटं मेंदू मारू शकतं, पण ते अमायलॉइडला जन्म देत नाही. अमायलॉइडच्या जनुकातला बदल मात्र प्लाकही आणतो आणि नंतर गुंतेही. यावरून क्रम ठरतो: अमायलॉइड आधी, टाऊ मागून.

कोलंबियातल्या अँटिओकिया भागातल्या एका मोठ्या कुळाचं उदाहरण यावर फार बोलकं आहे. त्यांच्यात प्रेसेनिलिनमधला एक बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. ज्यांच्यात तो आहे त्यांची स्मृती साधारण ४४व्या वर्षी ढळायला लागते आणि पन्नाशीच्या आसपास स्मृतिभ्रंश होतो. त्याच कुळातल्या एका बाईंमध्ये तो बदल होता, पण सत्तरीपर्यंत त्या ठीक होत्या. स्कॅनमध्ये अमायलॉइड बघितलं तर कुळातल्या इतर रुग्णांपेक्षाही जास्त. टाऊ मात्र मोजकं, डोक्याच्या मागच्या भागापुरतं. त्यांच्यात एपीओई जनुकाचं क्राइस्टचर्च नावाचं दुर्मीळ रूप होतं, तेही दोन्ही प्रतींत. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

अमायलॉइड भरपूर, टाऊ अडलेलं, बाई तीस वर्षं वाचलेल्या. एका माणसाचा पुरावा आहे, त्यावर किती भार टाकायचा ते ज्याने त्याने ठरवावं. मी बराच टाकते. अमायलॉइड आणि टाऊ यांच्यामधली कडी तोडता येते, हे त्यात दिसतं.

चिंचोका
बरं, तो निबंध पाया नव्हता हे मान्य. पण मग औषधं एकामागून एक पडली ती का? त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

कातळशिल्प
रास्त प्रश्न. सगळी औषधं एका टोपलीत टाकली की घोळ होतो, कारण ती वेगवेगळ्या कारणांनी पडली. चारच घेतो.

पहिलं, उत्पादन अडवणारी. एपीपीला दोन कात्र्या कापतात, बीटा आणि गॅमा. गॅमा अडवणारं सेमागॅसेस्टॅट २०१० मध्ये थांबवावं लागलं, कारण औषध घेणाऱ्यांची स्मृती प्लासिबोवाल्यांपेक्षा, म्हणजे दिसायला तसंच पण बिनऔषधाचं काही घेणाऱ्यांपेक्षा, जास्त ढासळली आणि त्वचेचे कर्करोगही वाढले. गॅमा कात्री फक्त एपीपी कापत नाही. पेशींच्या वाढीला लागणारं नॉच आणि इतर अनेक प्रथिनंही तीच कापते, ते सगळं एकदम बंद पडलं. बीटा अडवणाऱ्या व्हेरुबेसेस्टॅटने पाठीच्या कण्यातल्या पाण्यातलं अमायलॉइड निम्म्याहून कमी केलं, तरी उपयोग शून्य, आणि सुरुवातीच्या रुग्णांत स्मृती थोडी बिघडलीच. बीटा कात्रीलाही इतर कामं आहेत. शिवाय वीस वर्षं साचलेला साठा नवं उत्पादन थांबवून निघत नाही. टाकी तुंबल्यावर नळ बंद करण्यासारखं आहे ते.

दुसरं, चुकीचं रूप पकडणारं. सोलानेझुमॅब सुटं, विरघळलेलं अमायलॉइड पकडायचं. प्लाकला ते हात लावत नसे. २०१६ मध्ये सौम्य रुग्णांत पडलं. मग लक्षणं नसलेल्या पण स्कॅनमध्ये अमायलॉइड असलेल्या माणसांना साडेचार वर्षं दिलं, २०२३ मध्ये तेही पडलं. त्या काळात त्यांचं अमायलॉइड उलट वाढत गेलं होतं. प्लाक काढून उपयोग नाही, असं या ट्रायलवरून सांगतात, पण तिथे प्लाक निघालेच नव्हते.

तिसरं, रुग्णच चुकीचे. बापिन्यूझुमॅबच्या ट्रायलमध्ये निदान फक्त लक्षणांवरून केलं होतं. ज्यांचं स्कॅन झालं त्यांपैकी एपीओई जनुकाचं धोका वाढवणारं ४ हे रूप नसलेल्या गटात ३६ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइडच नव्हतं. तीनातल्या एकाहून जास्त माणसाला त्याला नसलेल्या आजाराचं औषध दिलं. शिवाय मेंदूला सूज येते म्हणून डोस कमी ठेवला होता, त्यामुळे प्लाकही फारसे निघाले नाहीत.

चौथं उदाहरण मात्र अमायलॉइडवाल्यांनी टाळू नये असं आहे. एएन१७९२ ही लस होती. मेंदूला सूज आल्यामुळे २००२ मध्ये थांबवली. पण ती घेतलेले काही रुग्ण पुढे वारले तेव्हा त्यांचे मेंदू तपासले गेले. काहींचे प्लाक जवळजवळ पूर्ण निघाले होते, आणि मरण्याआधी ते शेवटच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात होते. प्लाक काढले, योग्य रुग्णांत काढले, आणि घसरण चालूच राहिली.

दवबिंदू
हे चौथं वाचून अंगावर काटा आला. मग लेकानेमॅबमध्ये वेगळं काय झालं?

कातळशिल्प
दोन गोष्टी: किती निघालं आणि कधी निघालं.

किती, ते स्कॅनवर सेंटिलॉइड नावाच्या पट्टीवर मोजतात. तरुण निरोगी मेंदू शून्याच्या आसपास, नेहमीचा अल्झायमर शंभरच्या आसपास. लेकानेमॅबच्या ट्रायलमध्ये औषधाच्या गटाची सुरुवात साधारण ७८ला होती, १८ महिन्यांनी ते २३च्या आसपास आले. २४च्या खाली म्हणजे स्कॅन वाचणारा 'नाही' म्हणेल. गँटेनेरुमॅबनेही बराच साठा काढला, पण त्याच्या दोन ट्रायलमध्ये फक्त २८ आणि २७ टक्के रुग्ण त्या रेषेखाली गेले, आणि २०२२ मध्ये ते पडलं. निम्मं काढून भागत नाही, जवळजवळ सगळं काढावं लागतं आणि तेही लवकर, असं यावरून दिसतं.

कधी, ते डोनानेमॅबने दाखवलं. त्यांनी भरती करतानाच टाऊचं स्कॅन केलं. ज्यांच्यात टाऊ कमी ते मध्यम होतं त्यांच्यात घसरण त्यांच्या मुख्य मोजपट्टीवर ३५ टक्के मंदावली. जास्त टाऊवाले मिसळल्यावर तोच आकडा २२ टक्क्यांवर आला. औषध तेच, डोस तोच. टाऊ पसरल्यावर अमायलॉइड काढून हाती कमी लागतं. एएन१७९२च्या रुग्णांचं कोडं मला इथे सुटल्यासारखं वाटतं: त्यांचे प्लाक निघाले तोवर टाऊ स्वतःच्या वाटेने चाललं होतं.

ताळेबंद
सांख्यिकीवर पोट आहे, म्हणून २७ टक्के उलगडून दाखवतो. हा आकडा ऐकायला जेवढा मोठा वाटतो तेवढा तो नाही.

मोजपट्टी आहे सीडीआर-एसबी. सहा चौकटी असतात: स्मृती, काळ-वेळ-जागेचं भान, निर्णय, बाहेरचे व्यवहार, घर आणि छंद, स्वतःची निगा. प्रत्येक चौकटीला ०, ०.५, १, २ किंवा ३ गुण, फक्त निगेच्या चौकटीत ०.५ नसतो. रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून भरतात. बेरीज शून्य ते अठरा, जितकी जास्त तितकी अवस्था वाईट.

लेकानेमॅबच्या ट्रायलमध्ये १,७९५ माणसं होती. १८ महिन्यांत प्लासिबोवाले सरासरी १.६६ गुणांनी घसरले, औषधवाले १.२१ने. फरक ०.४५. भागिले १.६६, म्हणून २७ टक्के. पण अठरापैकी तो अर्धा गुणही नाही. एका चौकटीतली सगळ्यात छोटी पायरी ०.५ची आहे. बाहेरच्या व्यवहारांत एखादी बाई एकटीने भाजी आणते पण सुट्ट्यात चुकते, की तिच्यासोबत कुणी जावं लागतं, असल्या फरकाची ती पायरी. घरच्यांना जाणवण्यासाठी या टप्प्यावर एक गुण तरी लागतो, असं इतर अभ्यासांतून निघालं आहे.

दुसऱ्या बाजूने वेळेत मोजा. १८ महिन्यांत १.६६ म्हणजे महिन्याला साधारण ०.०९२. ०.४५ला त्याने भागलं की जवळपास पाच महिने. दीड वर्ष दर दोन आठवड्यांनी सुई घेऊन पाच महिने हाती.

माझी मुख्य शंका वेगळी आहे. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्क्यांना एमआरआयवर मेंदूत सूज दिसली, प्लासिबोत १.७ टक्के. सुई घेतल्यावर थंडी-ताप येणारे औषधात २६ टक्के, प्लासिबोत ७. म्हणजे बऱ्याच घरांना आपल्याला खरं औषध मिळतंय हे कळलं असणार. सीडीआर घरच्यांच्या बोलण्यावर भरतात. ०.४५मधला किती भाग आशेचा, हे मी सांगू शकत नाही.

कातळशिल्प
शंका योग्य आहे. सूज आलेल्यांची नंतरची मोजमापं बाजूला ठेवून गणित केलं तरी फरक जवळपास तेवढाच राहिला, हे मात्र नोंदवतो. थंडी-तापाने कळलेल्यांबद्दल तेवढं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

'पाच महिने' यावर माझा थोडा आक्षेप आहे. दोन रेषांमधलं अंतर १८ महिन्यांवर मोजलंय. औषधाने उताराचा वेग बदलला असेल तर अंतर पुढे वाढत जाईल. फक्त एकदाच रेषा सरकवली असेल तर तेवढंच राहील.

ताळेबंद
आणि या दोन्हींतलं कुठलं, ते प्लासिबो गटाशिवाय पुढची वर्षं बघून कळणार नाही. १८ महिन्यांनंतर प्लासिबोवाल्यांनाही औषध सुरू केलं. बाहेरच्या रुग्णांच्या नोंदींशी तुलना करतात, पण ट्रायलमध्ये येणारी माणसं मुळात वेगळी असतात. अ‍ॅड्युकॅनुमॅबचं आठवा: दोन सारख्या ट्रायल, एकीत जास्त डोसवर २२ टक्के फायदा, दुसरीत काही नाही. मार्च २०१९ मध्ये निरुपयोगी म्हणून थांबवलं, ऑक्टोबरमध्ये पुन्हा उचललं, सल्लागार समिती विरोधात असताना जून २०२१ मध्ये मंजुरी, जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने स्वतःच सोडून दिलं. फरक लहान असला की असं होतं.

सोनचाफा
सगळं वाचतेय, पण मला माझा प्रश्न आहे. आई ८१ वर्षांची. तीन वर्षांपासून निदान आहे, आता कपडे घालायलाही मदत लागते. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. भाऊ अमेरिकेत आहे, तो म्हणतो लेकानेमॅबची सोय करतो, खर्चाची काळजी करू नकोस. आणावं का?

मुक्तछंद
सोनचाफा, तुमच्या आईंना हे देऊ नये. का ते नीट सांगते, म्हणजे भावालाही सांगता येईल.

एक, ट्रायलमध्ये फक्त सौम्य अवस्थेतले रुग्ण होते, एमएमएसई या स्मृतीच्या चाचणीत तीसपैकी २२ किंवा जास्त गुण मिळवणारे, तिथे जास्त गुण म्हणजे अवस्था चांगली. कपडे घालायला मदत लागते म्हणजे आई त्या टप्प्याच्या पुढे गेल्या आहेत. टाऊ पसरलेलं असणार. वर डोनानेमॅबच्या आकड्यांत दिसलंच की अशा वेळी फायदा आटतो. ८१व्या वर्षी मेंदूत बहुतेक वेळा आणखीही काही असतं, छोट्या रक्तवाहिन्या बंद झालेल्या, टीडीपी-४३ नावाचं तिसरंच प्रथिन. त्याला अमायलॉइडचं औषध काही करत नाही.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, रक्त पातळ करणारी गोळी. अमायलॉइड फक्त प्लाकमध्ये नसतं, मेंदूतल्या लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही मुरलेलं असतं. अँटिबॉडी तिथूनही ते उपटते, आणि भिंत काही आठवडे गळकी होते. पाणी झिरपलं तर सूज, रक्त झिरपलं तर ठिपके. याला आरिया म्हणतात. बहुतेकांना काही जाणवत नाही, ते एमआरआयवरच दिसतं. काहींचं डोकं दुखतं, गोंधळ वाढतो, नजर बिघडते, थोड्यांना फिट येते. रक्त पातळ असताना ठिपक्याच्या जागी मोठा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून अशी गोळी घेणाऱ्यांना हे औषध सुरू करू नये, असाच तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला आहे.

तीन, औषध मिळवणं हा सोपा भाग आहे. ६० किलो वजनाला किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे दर वेळी ६०० मिलिग्रॅम, शिरेतून तासाभरात, वर्षाला २६ वेळा. पण त्याआधी एपीओईची तपासणी लागते. ४ची एकही प्रत नसलेल्यांत सुजेचं प्रमाण ५.४ टक्के होतं, एक असली तर १०.९, दोन असल्या तर ३२.६. मग सुरुवातीचा एमआरआय, त्यात चारपेक्षा जास्त जुने ठिपके असतील तर औषध नाही. त्यानंतर पहिल्या काही महिन्यांत ठरलेल्या सुयांच्या आधी पुन्हा पुन्हा एमआरआय. सूज बघायला फ्लेअर आणि ठिपके बघायला एसडब्ल्यूआय, दोन्ही सिक्वेन्स हवेत, आणि वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टसमोर मागचा एमआरआय उघडा हवा. हे सगळं नसेल तर बाटली घरी आणून ठेवण्यात अर्थ नाही.

सोनचाफा
डोनेपेझिल चालू आहे, तेही निरुपयोगी का?

मुक्तछंद
नाही, ते वेगळ्या वाटेने काम करतं. पेशींमधल्या निरोपासाठी लागणारं अ‍ॅसिटिलकोलीन ते टिकवून धरतं. आजाराच्या मुळाला हात लावत नाही, पण काहींना रोजच्या व्यवहारात थोडी मदत होते. नाडी ६०च्या खाली जाते का, उलट्या किंवा चक्कर येते का, एवढं बघा. आईंचे ठोके अनियमित आहेत, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनाही हे औषध चालू असल्याचं माहीत असू द्या. स्वतःहून एकदम बंद करू नका.

सोनचाफा
भावाला हे वाचून दाखवते. मनापासून आभार.

चिंचोका
मग सरळ टाऊलाच मारणारी औषधं का करत नाहीत? सगळे पुरावे तिकडे बोट दाखवतायत.

मुक्तछंद
केली. गोसुरानेमॅब, टिलाव्होनेमॅब, दोन्ही २०२१ मध्ये थांबली. सेमोरिनेमॅबने मध्यम अवस्थेतल्या रुग्णांत स्मृतीच्या एका चाचणीत थोडा फरक दाखवला, रोजच्या जगण्यात नाही. टाऊ असतं पेशीच्या आत आणि अँटिबॉडी फिरते बाहेर. एका पेशीतून दुसरीत जाताना टाऊ क्षणभर बाहेर येतं, तेवढ्यात पकडायचं अशी कल्पना होती. पण या तिन्ही अँटिबॉडी टाऊच्या एका टोकाला धरतात. पुढच्या पेशीत गुंता पेरणारा भाग मधला आहे, आणि बाहेर येणाऱ्या तुकड्यांना बऱ्याचदा ते टोक नसतंच. आता मधल्या भागाला धरणाऱ्या अँटिबॉडी तपासणं चालू आहे. दुसरी वाट बीआयआयबी०८०ची: कण्यातून सुई देऊन पेशीला टाऊ बनवण्याचा निरोपच पोचू द्यायचा नाही. पहिल्या छोट्या ट्रायलमध्ये कण्यातल्या पाण्यातलं टाऊ निम्म्याच्या आसपास कमी झालं. माणसाची स्मृती त्याने टिकते का, ते मोठ्या ट्रायलशिवाय सांगता येणार नाही.

ताळेबंद
मला एवढं हवं आहे: लक्षणं नसलेल्यांत, टाऊ पसरायच्या आत, खरोखर प्लाक काढणारं औषध, आणि शेजारी प्लासिबो. सोलानेझुमॅबने प्लाक काढले नाहीत म्हणून तो प्रयोग झालाच नाही असं म्हणतात ना, तर मग तो करून दाखवावा.

कातळशिल्प
तोच चालू आहे. लेकानेमॅबची अहेड ३-४५ आणि डोनानेमॅबची ट्रेलब्लेझर-एएलझेड ३, दोन्ही लक्षणं नसलेल्या माणसांत. तिथेही घसरण थांबली नाही, तर अमायलॉइड फक्त ठिणगी आहे आणि आग लागल्यावर तिच्याकडे बघून उपयोग नाही, असं मला लिहावं लागेल. थांबली, तर प्रश्न बदलेल: पन्नाशी-साठीतल्या धडधाकट माणसाला रक्तातल्या पी-टाऊ२१७ या टाऊच्या रूपाच्या आकड्यावरून मेंदूत रक्तस्रावाची शक्यता असलेली सुई द्यायची का?

दवबिंदू
मी ५६ वर्षांची आहे आणि माझ्या बाबांना हा आजार होता. या शेवटच्या प्रश्नाला आज माझं उत्तर 'नाही' असं आहे. ट्रायलचे निकाल आले की याच धाग्यावर पुन्हा विचारेन.